घरी येऊन नमुना घेण्याच्या बुकिंगचा बॉट: ठरलेला फ्लो, मोकळं मॉडेल आणि स्टेट मशीन – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोथरूडमधल्या एका पॅथॉलॉजी लॅबसाठी आम्ही व्हॉट्सॲपवरचा बुकिंग बॉट तीनदा बांधला. पहिल्यांदा नुसती बटणं होती, दुसऱ्यांदा सगळा कारभार भाषा मॉडेलकडे होता, तिसऱ्यांदा दोन्ही जोडले. तेव्हापासून पुण्यात दवाखान्यांसाठी किंवा गाड्यांच्या सर्व्हिसिंगसाठी असेच बॉट बांधणारी मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरण मुद्दाम एकच धरलं आहे: रक्ताचा नमुना घ्यायला माणूस घरी बोलावणं.

1. ठरलेला फ्लो आणि मॉडेलचा मोकळा संवाद यांत नेमका फरक काय?

ठरलेल्या फ्लोमध्ये पुढचं पाऊल तुम्ही आधीच लिहून ठेवलेलं असतं. बॉट विचारतो, "कोणती तपासणी?", ग्राहक यादीतून निवडतो, मग तारीख, मग वेळ, मग पत्ता. यादीबाहेरचं काही आलं की बॉटला ते कळत नाही, आणि तो तोच प्रश्न पुन्हा विचारतो. मोकळ्या संवादात पुढचं पाऊल मॉडेल त्या क्षणी ठरवतं. ग्राहकाने एका वाक्यात पाच गोष्टी सांगितल्या तरी त्याला त्या कळतात. पण आज जे केलं तेच ते उद्या करेल, याची हमी नसते.

"बटणं असली की जुनाट आणि मॉडेल असलं की आधुनिक" अशी विभागणी लोक करतात, ती कामाची नाही. विचारायचं ते एवढंच: पुढे काय घडणार हे कोण ठरवतंय?

2. मग आमच्या कामाला कोणता निवडायचा? एखादी सोपी कसोटी आहे का?

आहे. संवादातलं प्रत्येक पाऊल घ्या आणि विचारा, हे चुकलं तर पुढच्याच मेसेजमध्ये दुरुस्त होईल का?

"लिपिड प्रोफाइल म्हणजे काय हो?" या प्रश्नाचं उत्तर थोडं तोकडं आलं, तर ग्राहक पुन्हा विचारतो. इथे मॉडेलला बोलू द्या. बुकिंग नोंदवणं, रद्द करणं, पैसे घेणं आणि कोणाचा रिपोर्ट कोणाला पाठवायचा ते ठरवणं मात्र मेसेजने परत फिरत नाही. सकाळी सात वाजता माणूस भलत्याच दारात उभा राहिला की तो फेरा गेलाच. ही पावलं ठरलेल्या नियमांनीच चालायला हवीत.

अशी यादी केली की बहुतेक कामांत दोन्ही प्रकारची पावलं निघतात. म्हणून "हा की तो" हा प्रश्न पूर्ण बॉटसाठी सहसा सुटत नाही, पावलागणिक सुटतो. सगळी पावलं एकाच बाजूची निघाली, तर स्टेट मशीनच्या भानगडीत पडू नका. फक्त रिपोर्ट तयार आहे का ते सांगणाऱ्या बॉटला नोंदणी क्रमांक विचारणारा साधा फ्लो पुरतो.

3. स्टेट मशीन म्हणजे फ्लोचार्टच ना?

दिसायला सारखं, वागायला वेगळं. फ्लोचार्टमध्ये प्रश्नांचा क्रम असतो. स्टेट मशीनमध्ये संवाद सध्या कोणत्या स्थितीत आहे, कोणत्या घटनेने तो कुठे जाऊ शकतो आणि त्यासाठी कोणती अट पूर्ण झालेली असायला हवी, एवढंच लिहिलेलं असतं. ग्राहकाने माहिती कोणत्या क्रमाने दिली, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

माहितीचे रकाने आखायचे आणि ते कोणत्याही क्रमाने भरू द्यायचे, ही कल्पना जुनी आहे. झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रातल्या गस या प्रणालीने 1977 मध्ये विमानप्रवासाच्या संवादासाठी हेच केलं होतं. तेव्हा अडचण होती ती माणसाचं वाक्य समजून घेण्याची, आणि आज मॉडेल नेमकं तेच काम चांगलं करतं.

आमच्या लॅबच्या मशीनचा गाभा एवढाच आहे:

```python
RULES = {
  ("collecting",    "slots_complete"): "offering_slot",
  ("offering_slot", "slot_picked"):    "confirming",
  ("confirming",    "confirm"):        "booking",
  ("confirming",    "correct"):        "collecting",
  ("booking",       "booking_ok"):     "booked",
  ("booking",       "booking_failed"): "offering_slot",
}

def next_state(state, event):
    if event == "ask_human":
        return "handoff"
    return RULES.get((state, event), state)
```

शेवटची ओळ नीट पाहा. तक्त्यात नसलेली घटना आली तर संवाद आहे तिथेच राहतो. `collecting` मधून थेट `booked` कडे जाणारी ओळच नाही, म्हणून ग्राहकाने किंवा मॉडेलने काहीही म्हटलं तरी तो रस्ता उघडत नाही.

4. कामाची वाटणी कशी करायची? मॉडेलकडे काय आणि मशीनकडे काय?

मॉडेलची कामं दोन: ग्राहक काय म्हणाला ते ठरलेल्या साच्यात उतरवणं, आणि मशीनने जे विचारायचं ठरवलं ते सरळ मराठीत विचारणं. मधलं सगळं, म्हणजे तारखेचा हिशोब, वेळ रिकामी आहे का, तो भाग आपल्या हद्दीत येतो का, दर किती आणि पुढची स्थिती कोणती, हे साध्या कोडमध्ये.

मॉडेलने घटनेचं नाव सुचवायचं, स्थिती बदलायची नाही. सुरुवातीला आम्ही मॉडेलकडूनच "पुढची स्थिती" मागत होतो. ग्राहक घाईने बोलला की तेही घाई करायचं आणि एक-दोन पावलं गाळून पुढे जायचं. घटनांची छोटी बंद यादी दिली आणि स्थिती त्याच्या हातातून काढून घेतली, तेव्हा हा त्रास थांबला.

5. एक पूर्ण संवाद उलगडून दाखवाल का?

ग्राहकाचा पहिला मेसेज असा येतो: "नमस्कार, आईची शुगर तपासायचीय, फास्टिंग आणि जेवणानंतरची दोन्ही. उद्या सकाळी साडेसातला कोणी येईल का? ती डहाणूकर कॉलनीत असते."

बटणांच्या फ्लोमध्ये या माणसाला हे सगळं पुन्हा एकेक करून निवडावं लागलं असतं. इथे मॉडेल त्याचं असं करतं:

```json
{
  "event": "give_info",
  "tests": ["FBS", "PPBS"],
  "date_text": "उद्या",
  "time_text": "सकाळी साडेसात",
  "area_text": "डहाणूकर कॉलनी",
  "patient": "आई"
}
```

तारीख आणि वेळ मॉडेलने ग्राहकाच्या शब्दांतच ठेवली आहे. त्यांचे आकडे कोड करतं (का, ते प्रश्न 12 मध्ये). कोड पत्त्यावरून 411038 ठरवतं, तो भाग हद्दीत आहे. मग तपासण्या बघतं. फास्टिंग शुगरला किमान 8 तास पोट रिकामं लागतं आणि जेवणानंतरचा नमुना जेवणानंतर 2 तासांनी घ्यायचा असतो, म्हणजे या बुकिंगला एक नव्हे, दोन फेऱ्या लागणार. नुसत्या मॉडेलवरच्या आमच्या बॉटने हे अनेकदा एकाच फेरीत उरकलं होतं. वाचायला सगळं ठीक वाटायचं, आणि दुसऱ्या नमुन्याला कोणी जायचंच नाही.

अजून रुग्णाचं नाव, वय आणि घराचा पूर्ण पत्ता नाही, म्हणून स्थिती `collecting`. मशीन मॉडेलला सांगतं: या तीन गोष्टी माग, आणि माणूस दोनदा येईल हे सांग. मॉडेल लिहितं: "नक्की. दोन्ही तपासण्यांसाठी आमचा माणूस दोनदा येईल, एकदा उपाशीपोटी आणि मग नाश्त्यानंतर 2 तासांनी. आईंचं पूर्ण नाव, वय आणि घराचा पत्ता कळवाल का?"

ग्राहक तिन्ही गोष्टी पाठवतो आणि पुढे विचारतो, "थायरॉइडची गोळी सकाळी आधी द्यायची का?" रकाने भरले गेले. गोळीच्या प्रश्नाचं काय करायचं, ते प्रश्न 11 मध्ये. `slots_complete` घडलं, मशीनने वेळापत्रक पाहिलं, साडेसात भरलेली निघाली. सात आणि सव्वाआठ मोकळ्या. स्थिती `offering_slot`, दोन बटणं.

ग्राहक बटण न दाबता लिहितो, "सव्वाआठ बरं पडेल." मॉडेल हे `slot_picked` म्हणून ओळखतं आणि कोड तपासतं की सव्वाआठ खरंच देऊ केलेल्या वेळांत होती. आता हिशोब बदलतो: साडेसातसाठी रात्री साडेअकरानंतर काही खायचं नव्हतं, सव्वाआठसाठी ती मर्यादा रात्री सव्वाबारा झाली. हा आकडाही कोडमधूनच येतो.

`confirming` मध्ये गेल्यावर मॉडेल गप्प बसतं. तिथला मजकूर ठरलेला आहे: नाव, तारीख वारासकट, दोन्ही वेळा, पत्ता, रक्कम, उपाशी कधीपासून राहायचं, आणि खाली तीन बटणं: "नक्की करा", "बदल करायचाय", "माणसाशी बोलायचंय". (व्हॉट्सॲपमध्ये एका मेसेजला तीनच उत्तर-बटणं बसतात आणि यादीच्या मेसेजमध्ये दहा ओळी. चौथ्या बटणाची हौस असेल तर आधीच यादी घ्या.) ग्राहक "नक्की करा" दाबतो, स्थिती `booking` होते, लॅबच्या वेळापत्रकात नोंद होते, तिकडून होकार आला की `booked`. "तुमचं बुकिंग झालं" हे वाक्य ग्राहकाला तेव्हाच जातं, त्याआधी नाही.

6. हेच सगळे नियम प्रॉम्प्टमध्ये लिहिले तर मॉडेल पाळत नाही का?

बहुतेक वेळा पाळतं. त्यामुळेच फसायला होतं. पाच-सहा नियम असतात तोवर सगळं सुरळीत चालतं. मग दोन फेऱ्यांचा नियम येतो, रविवारचा येतो, लहान मुलांचा येतो. वीस नियम झाल्यावर लांब संवादाच्या शेवटी एखादा निसटतो, आणि कोणता निसटेल ते आधी सांगता येत नाही. एक नियम सुधारायला शब्द बदलले की भलताच दुसरा ढिला पडतो.

माझा स्वतःचा ठोकताळा: जो नियम मोडला तर लॅबमधून फोन येईल, तो कोडमध्ये. जो मोडला तर वाक्य जरा रुक्ष होईल, तो प्रॉम्प्टमध्ये. आणि प्रॉम्प्टही स्थितीप्रमाणे वेगळा ठेवा. `offering_slot` मध्ये असताना मॉडेलला रद्द करण्याचे नियम वाचायला देण्याची गरज नसते. छोटा प्रॉम्प्ट ते जास्त नीट पाळतं.

7. बुकिंगचं फंक्शन मॉडेलच्याच हाती दिलं तर? टूल कॉलिंग असताना स्टेट मशीन कशाला?

टूल कॉलिंगमुळे फंक्शनला नेमके रकाने मिळतात. पण ते केव्हा बोलवायचं, हे मॉडेलच ठरवतं. ग्राहक म्हणाला, "सव्वाआठ असेल तर बघा", की ते नोंद करून मोकळं होतं.

तरीही ही पद्धत वापरायची असेल तर दोन गोष्टी करा. त्या त्या स्थितीत चालणारीच फंक्शन्स मॉडेलला दाखवा: `collecting` मध्ये फक्त वेळापत्रक बघायचं, नोंदवायचं नाही. आणि फंक्शनच्या आतही स्थिती तपासा, म्हणजे चुकून हाक आली तरी नोंद होणार नाही. एवढं केलंत की तुम्ही स्टेट मशीनच लिहिलेलं असतं, फक्त ते विखुरलेलं असतं. मग ते एका तक्त्यात आणणं बरं.

8. बॉट "बुक झालं" म्हणाला, पण बुकिंग झालंच नव्हतं. हे कसं होतं?

या प्रश्नाने मला सर्वांत जास्त छळलं आहे. दुसऱ्या रचनेच्या काळात सिंहगड रोडवरच्या एक आजी सकाळी नऊपर्यंत चहाही न घेता वाट बघत बसल्या. संवाद उघडून पाहिला तर बॉटने अतिशय आदराने लिहिलं होतं, "तुमची वेळ नक्की झाली आहे, आमचा प्रतिनिधी 7:30 ला येईल." लॅबच्या वेळापत्रकात त्या नावाची नोंदच नव्हती.

कारण साधं आहे. मॉडेल संवादाचा स्वाभाविक शेवट लिहितं. नाव दिलं, पत्ता दिला, वेळ ठरली, यानंतर माणसांच्या बोलण्यात जे वाक्य येतं तेच ते लिहितं. नोंदीचं फंक्शन बोलावलंच गेलं नव्हतं किंवा त्यात बिघाड झाला होता, हे त्या वाक्यात कुठेच दिसत नाही. वाचणाऱ्याला शंका येण्यासारखं काहीच नसतं, म्हणून ही चूक चाचणीतही सुटते.

उपाय प्रश्न 5 मध्ये आलाच: होकाराचं वाक्य मॉडेलला लिहू द्यायचं नाही, ते ठरलेल्या मजकुरातून, `booked` मध्ये गेल्यावरच. त्यात नोंदणी क्रमांक घाला, तो वेळापत्रकाच्या प्रणालीकडून आल्याशिवाय मेसेज तयारच होणार नाही. जुन्या संवादांत असं किती वेळा झालंय, ते शोधायला एक साधी चौकशी पुरते:

```sql
SELECT conversation_id FROM bot_messages
WHERE (text LIKE '%बुक झालं%' OR text LIKE '%नक्की झाली%')
  AND COALESCE(state, '') <> 'booked';
```

आम्ही ही रोज रात्री चालवतो. निकाल रिकामा यायला हवा. एकही ओळ आली तर सकाळचा पहिला फेरा निघण्याआधी लॅबमधून त्या घरी फोन जातो.

जबाबदारीचा प्रश्नही यातच येतो. फेब्रुवारी 2024 मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाच्या लवादापुढे एअर कॅनडाचं प्रकरण आलं होतं. तिच्या संकेतस्थळावरच्या चॅटबॉटने शोकप्रसंगीच्या सवलतीबद्दल चुकीची माहिती दिली होती. बॉटच्या बोलण्याची जबाबदारी कंपनीचीच, असा निर्णय झाला आणि प्रवाशाला भरपाई मिळाली. कायदा तिकडचा असला, तरी आपल्या ग्राहकाची अपेक्षाही तीच असते.

9. ग्राहकाने "हो" लिहिलं की होकार धरायचा ना?

धरू नका, निदान सरसकट नाही. मराठीत "हो" नुसता हुंकार देण्यासाठीही येतो. "हो का?", "हो पण पत्ता दुसरा आहे", "हो बघतो आणि सांगतो", "हो हो, ते कळलं" हे चारही मेसेज आम्हाला `confirming` मध्ये आले आहेत आणि चौघांपैकी एकानेही बुकिंगला होकार दिलेला नव्हता. "बरं" आणि "हं" त्याहून निसरडे. "चालेल" मात्र बहुतेकदा खरा होकार असतो.

आमचा नियम असा आहे. बटण दाबलं तर होकार. मेसेज पूर्णच्या पूर्ण छोट्या यादीतला असेल ("हो", "चालेल", "नक्की करा", "हो चालेल") तरी होकार. बाकी काहीही असलं तर मॉडेलला विचारायचं, आणि त्याला त्या मेसेजमध्ये एखादा रकाना बदललेला दिसला तर `confirm` सोबत आलं तरी `correct` वरचढ. शंका उरली तर बटणं पुन्हा पाठवायची. एक जास्तीचा मेसेज परवडतो.

10. मध्येच पत्ता किंवा तारीख बदलली तर सगळं पुन्हा विचारायचं का?

नाही, आणि काहीच न विचारता पुढेही जायचं नाही. कोणता रकाना कशावर अवलंबून आहे, ते एकदा कागदावर लिहा. आमच्याकडे वेळ ही तारीख, भाग आणि तपासण्या या तिघांवर अवलंबून आहे. उपाशी राहण्याची मर्यादा वेळेवर आणि तपासण्यांवर. रक्कम तपासण्यांवर. नाव आणि वय कशावरच नाही.

आता ग्राहक `confirming` मध्ये म्हणतो, "अहो, आई सध्या वारज्यात बहिणीकडे आहे, तिकडे या." भाग बदलला, म्हणजे सव्वाआठची वेळ रद्द, कारण वारज्याचा माणूस वेगळा. त्याबरोबर उपाशी राहण्याची मर्यादाही रद्द. नाव, वय, तपासण्या, तारीख जशीच्या तशी. संवाद `collecting` मध्ये जातो, फक्त नवा घरपत्ता मागतो आणि वारज्याच्या मोकळ्या वेळा दाखवतो.

पण त्याने फक्त नावाचं स्पेलिंग सुधारलं, तर वेळ शाबूत आहे. मग पुन्हा वेळा दाखवणं म्हणजे त्याला छळणं. त्यासाठी तक्त्यात एक ओळ वाढते:

```python
("collecting", "slot_still_valid"): "confirming",
```

प्रश्न 3 मधल्या तक्त्यात ही मी मुद्दाम घातली नव्हती. पहिल्यांदा बांधताना ती कोणालाच सुचत नाही, आणि ग्राहक तिसऱ्यांदा वेळ निवडायला वैतागले की आठवते.

11. ग्राहक बुकिंगच्या मध्येच दुसरंच काही विचारतो. तेव्हा?

उत्तर द्या आणि जिथे होतात तिथेच राहा. स्थिती बदललेली नसल्यामुळे परत येणं आपोआप होतं: मॉडेल उत्तर देतं, आणि मशीन त्याला राहिलेला प्रश्न शेवटी जोडायला सांगतं. त्याच मेसेजमध्ये रकान्यांची माहिती आली असेल तर ती आधी भरून घ्या. बऱ्याच बॉटमध्ये प्रश्न दिसला की उरलेला मेसेज फेकला जातो, आणि ग्राहकाला आत्ताच दिलेलं वय पुन्हा द्यावं लागतं.

पण उत्तर कशातून द्यायचं, याला कुंपण हवं. उपाशी असताना पाणी चालतं का, रिपोर्ट कधी मिळतो, पार्किंग आहे का, अशा प्रश्नांची लॅबने तपासून दिलेली उत्तरं आमच्याकडे आहेत, आणि मॉडेलने तेवढ्यांतूनच बोलायचं. थायरॉइडच्या गोळीचं उत्तर त्यात नाही आणि मुद्दामच नाही. तिथे बॉट म्हणतो, "औषधाबद्दल तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. हवं असेल तर आमच्या इथल्या ताई फोन करतील." "हवं" म्हटलं की `ask_human`.

12. "साडेसात", "पावणेआठ", "परवा" यांत मॉडेल चुकतं का?

साडेसातला सहसा नाही. पावणेआठचे पावणेनऊ झालेले मी पाहिले आहेत, म्हणून हा हिशोब कोडकडे दिला. सव्वा म्हणजे त्या आकड्यात पंधरा मिनिटं मिळवा, साडे म्हणजे तीस, पावणे म्हणजे पंधरा वजा करा. दीड आणि अडीच स्वतंत्र शब्द म्हणून लिहा. "सात-साडेसातला" हा पल्ला आहे, एक वेळ नाही.

"परवा" मागेही जातो आणि पुढेही. बुकिंगमध्ये तो पुढचाच धरा, पण "परवा दिलेल्या रक्ताचा रिपोर्ट" मध्ये मागचा. खरी गोची "उद्या"ची. रात्री बारा चाळीसला ग्राहक लिहितो, "उद्या सकाळी पाठवा." घड्याळाच्या हिशोबाने तारीख बदलली आहे, पण तो अजून झोपलेला नाही, त्याची "उद्या" म्हणजे काही तासांनी उजाडणारी सकाळ. रात्री बारा ते चार या वेळेत "उद्या" आलं की आमचं मशीन वार घालून विचारतं: "म्हणजे आज मंगळवारी सकाळी, की बुधवारी?" होकाराच्या मजकुरात वार हवाच, तो याचसाठी.

13. पत्त्यातलं गाव ओळखण्याचं काम मॉडेलवर सोडलं तर चालेल का?

एकच अर्थ निघतो तिथे चालेल. पण पुण्यात "वडगाव" म्हटलं तर सिंहगड रोडकडचं वडगाव बुद्रुक, नगर रोडकडचं वडगाव शेरी आणि मुंबईच्या वाटेवरचं वडगाव मावळ अशी तीन डोकी वर येतात. "पिंपळे" म्हटलं तर सौदागर, गुरव आणि निलख. मॉडेल यातलं एक न विचारता निवडतं आणि वाक्यात तसं दिसूही देत नाही. कोडमध्ये नावांचा तक्ता ठेवा, आणि एका नावाला दोन भाग सापडले की `collecting` मध्येच थांबून बटणांनी विचारा.

14. एकच मेसेज दोनदा आला, किंवा तीन तुकड्यांत आला तर?

तुमच्या सर्व्हरने वेळेत पोच दिली नाही तर व्हॉट्सॲप तोच मेसेज पुन्हा पाठवतं. प्रत्येक मेसेजला स्वतःचा क्रमांक असतो, तो साठवा आणि पुन्हा आला तर सोडून द्या. नाहीतर "नक्की करा" दोनदा घडतं.

तुकड्यांचं: लोक "उद्या", "सकाळी", "आठला" असे तीन मेसेज पाठवतात. आम्ही शेवटच्या तुकड्यानंतर चार सेकंद थांबून ते एकत्र मॉडेलला देतो. एका संवादावर एका वेळी एकच काम चालेल असं कुलूप लावा, नाहीतर दोन तुकडे एकाच वेळी स्थिती बदलायला जातात.

15. ग्राहक अर्धवट सोडून दोन दिवसांनी परत आला तर?

नाव, वय आणि पत्ता ठेवा. देऊ केलेल्या वेळा टाकून द्या. "उद्या"चा अर्थ पहिल्याच दिवशी तारखेत साठवला नसेल तर तो आता चुकीचा झाला आहे, म्हणून मूळ शब्दासोबत काढलेली तारीखही ठेवा. ग्राहकाच्या शेवटच्या मेसेजला 24 तास उलटले की तुम्हाला मनातला मजकूर पाठवता येत नाही, आधी मंजूर करून घेतलेला टेम्प्लेटच जातो. आठवण करून द्यायची असेल तर त्याची तयारी आधीच करा.

16. प्रत्येक अपवादासाठी नवी स्थिती काढत गेलो, आता चाळीस झाल्या. काय करावं?

ज्यांच्यात फरक फक्त भरलेल्या रकान्यांचा आहे, त्या स्थिती एकत्र करा. "नाव मिळालं, पत्ता बाकी" आणि "पत्ता मिळाला, नाव बाकी" या दोन वेगळ्या स्थिती नाहीत, दोन्ही `collecting` आहेत. आमच्या एका ओळखीच्या टीमच्या चाळीस स्थितींच्या नऊ झाल्या त्या एवढ्यानेच.

उरलेल्यांत सहसा दोन स्वतंत्र गोष्टी गुंफलेल्या सापडतात: बुकिंग कुठवर आलं आणि बोलतोय कोण, बॉट की माणूस. त्यांचा गुणाकार करून स्थिती लिहू नका, दोन छोटी मशीन्स शेजारी चालवा. डेव्हिड हॅरेल यांनी 1987 मध्ये मांडलेल्या स्टेटचार्टमध्ये यासाठी समांतर भाग आहेत, आणि सोडलेल्या जागी परत येण्यासाठी "हिस्टरी" नावाची सोयही. माणसाने फोन ठेवल्यावर संवाद बॉटकडे नेमका कुठे परत द्यायचा, हे तिनेच सुटतं. प्रश्न 3 मधलं साधं `handoff` ही सोय देत नाही, तिथून परतीची ओळच नाही.

17. चाचणी कशाची आणि कशी करायची?

मशीनची आणि मॉडेलची वेगवेगळी. मशीनची चाचणी पूर्ण होऊ शकते: प्रत्येक स्थिती आणि प्रत्येक घटना यांची जोडी घेऊन निकाल तपासा. आमच्याकडे हे काही क्षणांत संपतं, आणि `booking` मध्ये जाणारा रस्ता एकच आहे, हे दर वेळी सिद्ध होतं.

मॉडेलची तशी होत नाही. नावं आणि नंबर काढून टाकलेले दोनेकशे खरे मेसेज आणि त्यांचे अपेक्षित रकाने आम्ही जपून ठेवले आहेत. मॉडेल किंवा प्रॉम्प्ट बदलला की ते सगळे पुन्हा चालवतो. प्रश्न 9 मधली चारही "हो" त्यात आहेत. बरोबर उत्तरांचा एकच आकडा काढून खूश होऊ नका, चुकांचे प्रकार वेगळे मोजा. वय रिकामं राहिलं तर बॉट पुन्हा विचारेल, पण `correct` ऐवजी `confirm` आलं तर माणूस चुकीच्या घरी जाईल. दुसऱ्या प्रकारची एक जरी वाढली तरी आम्ही नवा प्रॉम्प्ट लावत नाही.

18. रिपोर्ट आल्यावर लोक त्याचा अर्थ विचारतात. तिथे तरी मॉडेलला मोकळं सोडावं का?

आम्ही सोडलेलं नाही. "शुगर 180 आलीय, काळजीचं आहे का?" याचं उत्तर ती उपाशीपोटीची आहे की जेवणानंतरची, वय किती, औषधं कोणती, यावर अवलंबून असतं, आणि ग्राहक यातलं बरंच सांगत नाही. मॉडेल तरीही धीर देणारं एक गुळगुळीत उत्तर देतं. प्रश्न 2 ची कसोटी इथे लावून पाहा: त्या उत्तरावर विसंबून कोणी डॉक्टरांकडे जाणं महिनाभर पुढे ढकललं, तर ते पुढच्या मेसेजने दुरुस्त होत नाही. म्हणून `booked` नंतर रिपोर्टचा आकडा असलेला प्रश्न आला की तो सरळ लॅबमधल्या डॉक्टरांच्या यादीत जातो, आणि ग्राहकाला ते कधीपर्यंत फोन करतील तेवढंच कळवलं जातं.